जावयाच्या मित्रांबद्दल

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

वास्तुशांतीहून तुम्ही परत गेल्यापासून आई प्रत्येक फोनवर एकच विचारते, "ते पोरं तुला नेहमीच असं बोलतात का?" फोनवर मी "नाही गं, गंमत असते" म्हणून वेळ मारून नेते, कारण तेव्हा जावई शेजारच्याच खोलीत असतात आणि तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. म्हणून हे पत्र.

बाबा, त्या दिवशी पंगतीत जावयाच्या मित्राने माझ्या बोलण्याची नक्कल केली तेव्हा तुमचं तोंड कसं झालं होतं ते मी पाहिलं. नंतर जिन्यात तुम्ही मला म्हणालात, "सांगायचं होतं ना त्याले, मराठीतला पहिला गद्यग्रंथ आपल्या रिद्धपूरले लिहिला गेला म्हणून. तेराव्या शतकात!" बाबा, खरं आहे, लीळाचरित्र आपल्याच जिल्ह्यातलं. पण चेष्टेला माहितीने उत्तर दिलं की देणाराच हास्यास्पद होतो. मी रिद्धपूर म्हटलं असतं, तर पुढच्या बैठकीत माझं नाव 'प्राध्यापिका' पडलं असतं.

या टोळक्याची रीत आधी सांगते. कॉलेजच्या होस्टेलमधली ही मुलं. एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारत नाहीत. जो सगळ्यात जास्त बोलतो तो 'सरपंच', तोच नक्कल करणारा. एकाचं टक्कल, एकाची गाडी चालवण्याची तऱ्हा, एकाची उधारी, हे विषय ठरलेले. त्यात वाईट काही नाही, कारण टक्कलवाला लगेच उलटून बोलतो आणि सगळ्यात मोठ्याने तोच हसतो. माझ्या बाबतीत फरक एवढाच होता की माझ्याकडून कोणी उलट उत्तराची वाट बघत नव्हतं. मी नीट लक्ष ठेवलं तेव्हा कळलं, चेष्टा माझी असायची, पण बोलून झालं की सगळे बघायचे तुमच्या जावयाकडे. म्हणजे खोडी त्याची काढायची होती, मी नुसती हाताशी सापडले होते. हे कळल्यावर माझा निम्मा राग गेला आणि पुढे काय करायचं तेही सुचलं.

नकलेपेक्षा मला जास्त टोचायचं ते परवानगीचं. "हायकमांडने सोडलं का आज?" "वहिनी, या शुक्रवारी तरी जामीन द्या याला." आई, तू ओळखतेस मला, मी कुणाला अडवणारी आहे का? मग हे आलं कुठून? तर आलं आमच्याच घरातून. घराचा हप्ता सुरू झाल्यापासून आणि सकाळची शिफ्ट लागल्यापासून याला शुक्रवारचं बसणं नको झालं होतं. पण मित्रांना "मला कंटाळा येतो" किंवा "पैसे जातात" कसं सांगायचं? त्यापेक्षा "घरी विचारून सांगतो", "ती नाही म्हणते" हे सोपं. बायकोचं नाव पुढे केलं की कोणी फार ताणत नाही. सगळे नवरे हेच करतात. (बाबा, तुम्हीही अण्णाकाकांच्या पत्त्यांच्या डावाला आईचंच नाव सांगायचात, मला आठवतं.) वर्षभर असे निरोप गेले, तर ते लोक मला जेलर समजणार नाहीत तर काय?

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा आम्ही त्यांच्यातच बसलो होतो. "मी कधी अडवलं हो?" असं तिथेच विचारता आलं असतं. पण मग हा चारचौघांत खोटा पडला असता, आणि त्याला माझ्यापेक्षा मित्रांकडे तोंड दाखवणं अवघड झालं असतं. घरी येताना गाडीतही मी विषय काढला नाही. रात्री उशिरा, त्यातून एखादा पेग झालेला असताना, माणूस आपल्या मित्रांची वकिलीच करतो. रविवारी सकाळी आम्ही मेथी निवडत बसलो होतो तेव्हा काढला. हात कामात असले की एकमेकांकडे बघत बसावं लागत नाही, बोलणं बरं होतं.

"तुझे मित्र असे आणि तसे" हे मी एकदाही म्हटलं नाही. ते म्हटलं असतं तर तो त्यांच्या बाजूने उभा राहिला असता आणि वाद मित्र चांगले की वाईट यावरच संपला असता. मी म्हटलं, "शुक्रवारी नाही जायचं तर नको जाऊस, पण नकार तुझ्या नावाने दे. माझ्या नावावर जातो ना, त्याचे टोमणे मला बसतात." आधी तो नेहमीचं म्हणाला, "अगं, ते तसेच आहेत, मनावर नको घेऊ." मी म्हटलं, "ते तसेच असू देत. मी तुझ्याबद्दल बोलतेय." मग तो बराच वेळ गप्प बसला. काड्याही भाजीत टाकायला लागला, तेव्हा समजलं की लागलंय.

दुसरं मागितलं ते एवढंच, की माझ्यावर घसरले तर पहिला त्याने बोलायचं, मी नाही. मित्र त्याचे आहेत. मी बोलले तर 'वहिनी चिडल्या' होतं, तो बोलला तर विषय मिटतो. पण काय बोलायचं तेही आम्ही तिथेच ठरवून टाकलं, नाहीतर ऐन वेळी माणूस एकतर गप्प राहतो, नाहीतर एकदम भडकतो. वाक्य ठरलं: "जुनं झालं रे आता, दुसरं काढ." आणि लगेच त्यानेच दुसरा विषय काढायचा, मॅच म्हणा, कुणाची नवी गाडी म्हणा. "माझ्या बायकोला काही बोलायचं नाही" असलं वाक्य नको, त्याने सगळी खोली गार पडते आणि ती रात्र लोक वर्षभर आठवतात.

पहिल्या वेळी तो विसरला. म्हणजे हसला, सवयीने. मी काही बोलले नाही, घरी आल्यावर फक्त "वाक्य राहिलं" म्हटलं. पुढच्या वेळी त्याने बरोबर टाकलं आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही की काही घडलं.

तो जवळ नसतो तेव्हा मात्र माझं मलाच निभवावं लागतं. कोजागिरीला गच्चीवर दूध आटत होतं, हा पेले आणायला खाली गेलेला. तेवढ्यात सरपंचाने सुरू केलं, "वहिनी कायले रागावून राहिल्या?" सगळे हसले. मी हसले नाही, रागावलेही नाही. साध्या आवाजात विचारलं, "म्हणजे? मला नाही कळलं." आणि थांबले. हे थांबणंच अवघड असतं, कारण शांतता झाली की आपणच काहीतरी बोलून ती भरायला जातो. त्याला आता समजावून सांगणं भाग पडलं. "नाही, म्हणजे तुमच्याकडे असं बोलतात ना..." मी म्हटलं, "हो, असंच बोलतो आम्ही," आणि दूध ढवळायला लागले. चेष्टा समजावून सांगावी लागली की तिच्यात जीव राहत नाही. त्याच्याच बायकोने वेलदोडा घातला का म्हणून विचारलं आणि गाडी पुढे गेली.

हे मी एका संध्याकाळी एकदाच करते. सारखं केलं तर तीच आपली ओळख होते. आणि आवाजात जरा जरी खोच आली तरी भांडणाला निमित्त मिळतं, त्यामुळे ज्या दिवशी मी आधीच वैतागलेली असते त्या दिवशी करतच नाही. त्या दिवशी उठून स्वयंपाकघरात जाते. खोटं हसणं मात्र मी सोडलं, आई. तू म्हणतेस "हसून सोडून द्यावं". सोडून द्यावं हे बरोबर, पण हसलं की समोरच्याला वाटतं, हिला चालतं, अजून थोडं चालेल. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर काही आलं तर मी उत्तरही देत नाही आणि ते हसरं तोंडही टाकत नाही. तिथे लिहिलेलं मागे राहतं आणि आवाजातला साधेपणा पोहोचत नाही.

शेवटी सरपंचाशी मी बोललेच, पण एकट्याशी. तो ताटं घेऊन आत आला होता. म्हटलं, "भाऊजी, बाकी कशावरही बोला, ते परवानगीचं तेवढं नको." तो म्हणाला, "अहो वहिनी, गंमत होती." मी म्हटलं, "माहितीये. पण ते नको." तो म्हणाला, "वाईट वाटलं का?" त्यालाही तेच, "नको, एवढंच." कारणं द्यायला लागलं की समोरचा एकेक कारण खोडत बसतो, आणि नुसत्या 'नको'ला खोडायला काही सापडत नाही. एकच विषय मागितला म्हणून त्याला तो सोडणंही जड गेलं नाही. परवानगी तेव्हापासून बंद आहे. नक्कल अजून कधीमधी होते, पण आता तो माझ्याकडे बघून करतो आणि मीही त्याच्या गावाकडच्या 'काय करायलाय'ची करते. ते मला चालतं, खरं तर आवडतं.

हे सगळ्यांना लागू पडत नाही. याच टोळक्यातला एकजण माझ्या रंगावर बोलला होता, तेही दोनदा. तिथे मी 'कळलं नाही' वगैरे काही केलं नाही. जावयाला सांगितलं, मी त्याच्या घरी येणार नाही आणि तो आपल्याकडे जेवायला नको, तू भेट. तो एकटाच जातो. कोणी विचारलं तर "ती येत नाही" एवढंच सांगतो, आणि या वेळी माझं नाव पुढे करायला माझी काही हरकत नाही. तो माणूस वास्तुशांतीला का नव्हता हे आईने विचारलं होतंस, ते यामुळे.

बाबा, तुम्ही जावयाशी बोलू का म्हणून विचारलंत. नका बोलू. सासऱ्याने विषय काढला की त्याला वाटेल मी माहेरी तक्रार केली, आणि जे आम्ही दोघांनी मेथी निवडता निवडता मिटवलं ते दोन घरांचं होऊन बसेल. दिवाळीत तुम्ही याल तेव्हा पाडव्याला ही सगळी मंडळी फराळाला असणार. सरपंच तुम्हाला मुद्दाम "काय म्हणून राहिले काका?" म्हणेल. तुम्ही त्याला आपल्यासारखंच सरळ उत्तर द्या आणि त्याच्या गावच्या उसाचा भाव विचारा. शेतीवर तो तासभर बोलतो, मग बाकीच्यांना तोंड उघडायला मिळत नाही.

येताना आईने सांडगे आणावेत, इथले बरे नसतात. अमरावतीहून तिकिटं आत्ताच काढा, दिवाळीच्या आठवड्यात बर्थ मिळत नाहीत.

तुमची,
ताई