मुलीने शाळा बदलल्यामुळे क्लासचे मासिक हप्ते थांबवल्याबाबत

दिनांक: 10 नोव्हेंबर 2025

प्रति,
व्यवस्थापक साहेब,
कोचिंग क्लास, तालुका शाखा, जि. यवतमाळ

महोदय,

माझी मुलगी आठवीत, तुमच्या सकाळच्या बॅचला होती. तिचा अमरावतीच्या निवासी शाळेत प्रतीक्षा यादीतून नंबर लागला. 26 सप्टेंबरला इथल्या शाळेतून दाखला काढला आणि 29 तारखेला तिला तिकडे सोडून आलो. सकाळच्या एसटीने तुमच्या क्लासला येणं त्या दिवशीच संपलं.

हे मी लपवलं नाही. 27 सप्टेंबरला दाखल्याची झेरॉक्स जोडून, हप्ता बंद करा असा अर्ज ऑफिसात दिला. पोच म्हणून शिक्का मागितला तर मॅडम म्हणाल्या, 'साहेब आल्यावर देऊ.' म्हणून तिथेच उभं राहून अर्जाचा फोटो काढला आणि ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यावर निळी टिक 27 तारखेचीच आहे.

तरी 4 ऑक्टोबरला, उद्या 2,000 रुपये कपात होणार, असा मेसेज आला. सोयाबीनची सोंगणी सुरू होती. वावरात रेंज नसते, धुऱ्यावर जाऊन फोन लावला. उत्तर मिळालं, 'जाऊ द्या, पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करू.' मुलगी येणारच नाही तर ॲडजस्ट कशात करणार? दुसऱ्या दिवशी पैसे कटले. ते थ्रेशरवाल्याला द्यायचे म्हणून खात्यात ठेवले होते.

शेवटी 18 ऑक्टोबरला मीच यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपे रद्द केलं. 7 नोव्हेंबरला तुमच्या माणसाचा फोन आला की उरलेले 12,000 भरा, नाहीतर नोटीस येईल आणि सिबिल खराब होईल. हे वाक्य ऐकून मुलीची आई दोन दिवस नीट जेवली नाही. आम्हाला पुढच्या हंगामात पीककर्ज काढायचं आहे.

म्हणून मी बँकेत जाऊन विचारलं. ऑटोपेच्या मेसेजवर थेट तुमच्या क्लासचं नाव आहे, कोणत्याही फायनान्स कंपनीचं नाही. म्हणजे हे कर्ज नाही, फीचा हप्ता आहे, आणि सिबिलला नोंद कर्जाची आणि क्रेडिट कार्डाची होते. आमच्या गावातल्या एका पालकाचं वेगळं आहे. त्यांच्याकडून दुसऱ्या एका क्लासने फीसाठी फायनान्सच्या कागदावर सही घेतली होती. तिथे हप्ता परस्पर थांबवला असता तर खरंच थकबाकी लागली असती, आधी क्लासकडून ते कर्ज बंद करून घ्यावं लागलं. माझ्या सहीचा तसा कागद तुमच्याकडे असेल तर त्याची प्रत द्या. नसेल तर सिबिलचं भय घालणं बंद करा. मी खातं रिकामं ठेवून हप्ता परत जाऊ दिलेला नाही, आधी लेखी कळवून मग ऑटोपेची मंजुरी रद्द केली आहे.

आता हिशोब. वर्षाची फी 24,000, क्लास जुलै ते एप्रिल दहा महिने, म्हणजे महिन्याला 2,400. मुलगी तीन महिने आली, त्याचे 7,200 झाले. मी प्रवेशाचे 4,000 आणि ऑक्टोबर धरून चार हप्त्यांचे 8,000, असे 12,000 भरले. 4,800 जास्तीचे तुमच्याकडे आहेत. पहिल्या सत्राची पुस्तकं आणि बॅग तिने वापरली, त्याचे 1,200 तुम्ही खुशाल कापा. दुसऱ्या सत्राचा संच मिळालेला नाही. 3,600 रुपये परत करा.

'फी परत मिळणार नाही' असं फॉर्मवर छापलं आहे, हे तुमचं म्हणणं. तो इंग्रजी फॉर्म सही करताना कोणी वाचून दाखवला नाही, प्रतही दिली नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या कोचिंगविषयक मार्गदर्शक सूचनांत, पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असं आहे. त्याच सूचनांत सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये असंही आहे. माझी मुलगी तेरा वर्षांची. मीच तिला घेऊन आलो होतो, म्हणून तो वाद मी काढत नाही.

तिच्या गणिताच्या सरांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. अपूर्णांकांची तिची भीती त्यांनी घालवली, जायच्या आदल्या दिवशी ती त्यांच्या पाया पडून आली. तक्रार फक्त ऑफिसच्या वागण्याची आहे.

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवत आहे. मिळाल्यापासून दहा दिवसांत 3,600 रुपये ज्या खात्यातून हप्ते कटले त्याच खात्यात जमा करा, आणि आमच्याकडे काही बाकी नाही असं शिक्क्यासह लिहून द्या. तसं न झाल्यास ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करून यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.

आपला,
पालक, इयत्ता आठवी, सकाळची बॅच

सोबत: दाखल्याची प्रत, 27 सप्टेंबरच्या अर्जाचा फोटो, 4 ऑक्टोबरचा मेसेज, बँक पासबुकाची नोंद, ऑटोपे रद्द झाल्याचा मेसेज