लोकलचं तिकीट: फोन कुठे चालतो, ते फलाटावर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रस्तंभात नुकतंच एका वाचकाने लिहिलं होतं की, मुंबईच्या लोकलचं तिकीट फोनवर काढताना अॅप 'तुम्ही कुठे उभे आहात' ते तपासतं, ही प्रवाशांची विनाकारण अडवणूक आहे आणि ती तपासणी काढून टाकावी. त्यांचा मनस्ताप मला समजतो, कारण तोच मीही भोगला आहे. पण मागणी मात्र मला पटली नाही, म्हणून हे पत्र.

आमची मुलगी डोंबिवलीला असते. आपल्याकडच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या कितीतरी घरांची अशीच एक शाखा मुंबईच्या बाजूला आहे. रात्री वडोदऱ्याहून गाडीत बसायचं, पहाटे पश्चिम उपनगरात उतरायचं, लोकलने दादर आणि तिथून मध्य रेल्वेची लोकल, हा आमचा ठरलेला रस्ता. वडोदऱ्याहून आणंद किंवा भरूचला जाताना मी अनारक्षित तिकीट फोनवरच काढतो. घरून निघताना काढलं की झालं. त्यामुळे लोकलचंही तसंच निघेल असं मी धरून चाललो होतो.

गेल्या खेपेला पहाटे पाचच्या सुमारास आम्ही उतरलो. स्थानकाचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठल्याही मोठ्या स्थानकावर घडू शकतं. सौ.चा गुडघा दुखरा, बरोबर दोन बॅगा. फलाटावरच्या बाकावर बसून मी रेल्वेचं यूटीएस अॅप उघडलं, `Book & Travel (Paperless)` निवडलं, कुठून, कुठे, किती जण, सगळं भरलं. अॅपने नकार दिला: तुम्ही स्थानकाच्या हद्दीत आहात, बाहेर जाऊन तिकीट काढा. मी फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेलो. तिथेही नकारच. मग आठवलं की वसई मागे पडल्यावर गाडीत बसल्या बसल्याही एकदा प्रयत्न करून पाहिला होता आणि तेव्हाही हेच झालं होतं. कारण ही हद्द फक्त स्थानकाच्या इमारतीपुरती नसते. रुळांच्या दोन्ही अंगांचा पट्टाही तिच्यात येतो. म्हणजे बाहेरगावच्या गाडीने येऊन लोकल पकडणारा माणूस प्रवासाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत हद्दीच्या आतच असतो. तो बाहेर येतच नाही, मग तिकीट काढणार कधी?

आता ही हद्द असते कशासाठी, ते सांगतो. मेट्रोला फाटक असतं, तिकीट दाखवल्याशिवाय ते उघडत नाही. मुंबईच्या लोकलला फाटक नाही. कुणीही सरळ चालत येऊन गाडीत चढू शकतो, आणि तिकीट बघायला टीसी भेटेल किंवा भेटणारही नाही. अशा ठिकाणी तिकीट 'घेतलं आहे' एवढं पुरत नाही, ते 'चढण्याआधी घेतलं आहे' हे ठरावं लागतं. ज्यांनी मुंबईत पूर्वी कूपनं वापरली आहेत त्यांना हे लगेच कळेल. कूपनांचं पुस्तक खिशात असायचं, पण स्थानकावरच्या यंत्रात घालून त्यावर तारीख, वेळ आणि स्थानकाचा छाप उठवल्याशिवाय ते तिकीट ठरत नसे. छाप न मारलेलं कूपन दाखवलं तर दंड. कारण उघड होतं. छाप नको म्हटलं असतं, तर लोकांनी टीसी दिसेपर्यंत तेच कूपन आठवडाभर फिरवलं असतं.

फोनवरच्या तिकिटात त्या छापाचं काम स्थानाची तपासणी करते. ती प्रवासभर आपला पाठलाग करते असा पुष्कळांचा समज आहे, पण तो खरा नाही. तपासणी होते ती तिकीट काढण्याच्या क्षणी, एकदाच. त्या क्षणी फोन रुळांपासून दूर होता एवढंच अॅप बघतं. पुढे गाडीत टीसी आला की `SHOW TICKET` मधून तिकीट दाखवायचं. त्याला इंटरनेट लागत नाही, तिकीट त्या फोनमध्येच साठवलेलं असतं. ही तपासणी काढली तर काय होईल, ते मला त्याच पहाटे बघायला मिळालं.

मी अडलेला पाहून शेजारचा एक मुलगा म्हणाला, "काका, थांबा, माझ्याकडे क्यूआर आहे." त्याच्या फोनमध्ये एका स्थानकाच्या क्यूआर कोडचा फोटो होता. हे क्यूआर रेल्वेनेच स्थानकांवर लावले होते, ते आमच्यासारख्या आत अडकलेल्यांसाठीच. स्थानकातला क्यूआर स्कॅन केला की अॅप स्थानाची अट सोडून देतं आणि ते स्थानक 'कुठून' म्हणून धरतं. पण छापील क्यूआर कधी बदलत नाही. त्याचा फोटो काढून ठेवला, की चालत्या गाडीत टीसी दोन बाकांवर आला असतानाही तिकीट निघतं. या गैरवापरामुळे रेल्वेला मुंबईत अशा क्यूआरविरुद्ध पावलं उचलावी लागली. आमच्यासाठी केलेली सोय काही जणांनी फुकट्यांच्या कामी लावली आणि ती आमच्या हातून गेली. मला याचा मनापासून राग आहे. त्या मुलाला मी नको म्हटलं.

मग मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, मी इथून काढते." तसं तिला काढता आलंही असतं. पूर्वी बाहेरच्या बाजूनेही मर्यादा होती: स्थानकापासून ठरावीक अंतरापेक्षा लांबून तिकीट निघत नसे. एप्रिल २०२४ मध्ये रेल्वेने ती उठवली. आता डोंबिवलीच्या घरात बसूनच काय, वडोदऱ्यातूनही मुंबईच्या कुठल्याही स्थानकाचं तिकीट काढता येतं. आतली हद्द मात्र तशीच ठेवली. पण मुलीने काढलेलं तिकीट मुलीच्या फोनमध्ये राहतं. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला त्याचा फोटो म्हणजे तिकीट नव्हे. टीसीने पकडलं तर विनातिकीटच, म्हणजे भाडं आणि वर किमान २५० रुपये. वडोदऱ्याहून निघतानाच काढून ठेवावं, तर उपनगरी तिकिटावर ते काढल्यापासून एका तासाच्या आत प्रवास सुरू करावा लागतो. आणंद-भरूचसारख्या तिकिटाला तीन तास मिळतात, लोकलला एकच. रात्री वडोदऱ्याला काढलेलं लोकलचं तिकीट सुरत यायच्या आधीच गेलेलं असतं, आणि कागदविरहित तिकीट रद्दही करता येत नाही. पैसे गेले ते गेलेच.

शेवटी सौ.ला बॅगांजवळ बसवून मी पूल चढून बाहेर रिक्षा स्टँडपर्यंत गेलो. आता चांगला बाहेर होतो, तरी अॅप मला आतच धरून होतं! याचं कारण नंतर जावयाने समजावलं. फोन आपली जागा उपग्रहांच्या सिग्नलवरून काढतो. उघड्या आभाळाखाली ती काही मीटरच्या फरकाने बरोबर येते. पत्र्याच्या छपराखाली, पुलाखाली, उंच इमारतींच्या मधे सिग्नल भिंतींवर आपटून वाकडा येतो आणि फरक बराच वाढतो. त्यातून फोन कधी कधी जुनीच जागा धरून बसतो. ते ओळखायचं कसं, तर फोनमधला नकाशा उघडायचा. निळ्या ठिपक्याभोवती मोठं फिकट वर्तुळ दिसलं, तर फोनला स्वतःचीच नीट खात्री नाही असं समजायचं. मोकळ्या जागी थोडं थांबलं की वर्तुळ आकसतं आणि ठिपका आपल्या जागी येतो. मग अॅपमध्ये परत जायचं. मीही तेच केलं, नकळत, रस्ता शोधायला म्हणून नकाशा उघडला आणि त्यानंतर तिकीट निघालं.

आणखी एक गोष्ट बघावी. अॅप पहिल्यांदा जागेची परवानगी मागतं तेव्हा काही जण खबरदारी म्हणून 'अचूक' ऐवजी 'अंदाजे' निवडतात. अँड्रॉइडच्या १२ व्या आवृत्तीपासून तशी निवड मिळते. 'अंदाजे' म्हणजे साधारण ३ चौरस किलोमीटरचा भाग. एवढ्या ढोबळ माहितीवर अॅपने रुळांची कड कशी ओळखायची? फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन या एका अॅपपुरती तरी अचूक जागा चालू ठेवावी.

तिकीट निघालं ५ वाजून २२ मिनिटांनी. पुन्हा पूल, पुन्हा जिने. सौ. तोवर एकटी, थंडीत, अनोळखी गर्दीत. त्या वीस मिनिटांत तिच्या जिवाची जी घालमेल झाली, ती मला अजून विसरता येत नाही.

आणि त्यावर उपाय होता! त्याच अॅपमध्ये `Book & Print (Paper)` हा दुसरा प्रकारही होता. त्याला जागेची अट नाही, कारण फोनमधली नोंद हे तिथे तिकीटच नसतं. पैसे फोनवर भरायचे, मिळालेला क्रमांक स्थानकावरच्या एटीव्हीएम या तिकीट छापणाऱ्या यंत्रात घालायचा आणि कागद छापून घ्यायचा. छापल्याशिवाय गाडीत चढलात तर ते विनातिकीट, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवावं. किंवा थेट एटीव्हीएमवरच यूपीआयने तिकीट काढायचं. आम्ही बसलो होतो त्या बाकापासून असं यंत्र पुलाच्या पायथ्याशी, चाळीसेक पावलांवर होतं. त्याला वळसा घालूनच मी बाहेर गेलो होतो.

म्हणून माझी मागणी वेगळी आहे. तपासणी राहू द्या. जिथे बाहेरगावच्या गाड्यांतून उतरून लोकल पकडतात, अशा फलाटांवर मराठी, हिंदी आणि गुजरातीत ठळक पाटी लावा: 'येथे फोनवर कागदविरहित तिकीट निघणार नाही. जवळचे एटीव्हीएम या दिशेला', आणि खाली बाण. अॅपने नकार देताना नुसतं 'बाहेर जा' न म्हणता दुसऱ्या प्रकाराचं बटण तिथेच पुढे करावं. जुलै २०२५ मध्ये रेलवन हे नवं अॅप आलं, त्यात हे बसवणं अवघड नसावं. आणि पहाटेच्या गाड्यांच्या वेळी ती यंत्रं चालू आहेत, त्यांत कागदाचं रीळ आहे, एवढं कुणीतरी बघावं.

येत्या महिन्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी सौ. फलाटावर एकटी बसणार नाही. उतरल्यावर दोघंही आधी यंत्राशी जाऊ.

आपला,
एक नियमित वाचक
दांडिया बाजार, वडोदरा