ओजसच्या वाफाऱ्याबद्दल

नाशिक, डिसेंबर

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर ओजस मधेच रडायला लागला, त्यामुळे बोलणं अर्धवट राहिलं. वाफाऱ्यात ओवा किती आणि निलगिरी किती, असं तू विचारलंस. तुझ्यासाठी सांगते, पण ओजसला वाफारा द्यायचा नाही. साडेतीन वर्षांचं पोर आहे ते. सासूबाईंना वाईट वाटेल असं वाटत असेल तर माझं नाव पुढे कर.

दवाखान्यात नोकरीत असताना हिवाळ्यात भाजलेली मुलं यायची, त्यांत एक ठरलेला प्रकार असायचा. एक पाच वर्षांची मुलगी माझ्या चांगली लक्षात आहे. आजीने पलंगावर मांडी घालून बसवली, पुढ्यात उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवलं, वरून शाल टाकली. शालीत अंधार आणि चेहऱ्याला चटका बसला म्हणून मुलीने मान मागे घेतली, गुडघा हलला, गादी दबली आणि पातेलं कलंडलं. पाणी मांडीवर, पोटावर आणि मांड्यांच्या मधे सांडलं. तिला पटकन उठताही येईना, कारण शाल गुंडाळलेली आणि ओली झालेली सलवार अंगाला चिकटलेली. आजी हातभर अंतरावर बसली होती, तरी उपयोग झाला नाही. साठ अंश पाणीसुद्धा लहान मुलाची कातडी एक-दोन सेकंदांत खोलवर भाजतं, आणि हे तर नुकतंच गॅसवरून उतरवलेलं. त्या जागेच्या जखमा भरायला वेळ लागतो, कधी दुसरीकडची कातडी काढून लावावी लागते.

म्हणजे भीती वाफेपेक्षा त्या पातेल्याची. प्लगला लावायचं मशीन सुरक्षित असतं असं तुझे बाबा म्हणतील, पण त्यातही उकळतं पाणीच असतं, आणि लोंबणारी वायर मुलाच्या हाताला लागते.

एवढा धोका पत्करून मिळतं काय? सर्दीत नाक चोंदतं ते नुसत्या शेंबडाने नाही, आतलं अस्तर सुजतं म्हणून. वाफेने शेंबूड थोडा पातळ होतो, सूज मात्र फारशी उतरत नाही. निलगिरीने नाकात गार लागतं आणि मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण वाट असते तेवढीच. मोठ्यांना तेवढंही बरं वाटतं, म्हणून तू खुशाल घे. गॅस बंद कर, पाच मिनिटं थांब, पातेलं टेबलावर भिंतीला टेकवून ठेव. चिमूटभर ओवा चुरडून टाक किंवा निलगिरीचे दोन थेंब, दोन्ही एकदम नकोत. डोळे मीट. आणि ओजस झोपल्यावरच घे, नाहीतर तो तुझ्या मांडीवर चढायला येईल.

त्याच्यासाठी मेडिकलमधून सलाईनचे नाकाचे थेंब आण. साध्या मिठाच्या पाण्याचे हवेत, हे दुकानदाराला स्पष्ट सांग, नाहीतर तो झायलोमेटाझोलिनची बाटली देईल. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय लहानांना घालत नाहीत. जेवणाआधी आणि झोपताना प्रत्येक नाकपुडीत दोन-दोन थेंब, मिनिटभर थांबून शिंकरायला लाव. पाणी, सूप पाजत राहा. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छातीला लावायची आपल्याकडे पद्धत आहे, तीही नको. कापड बाहेरून कोमट लागतं आणि आतले दाणे तापलेले असतात. तो धापा टाकायला लागला, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला किंवा पाणीही घेईना, तर सर्दी आहे म्हणून थांबू नकोस, डॉक्टरांकडे ने.

चहा, आमटी, काहीही अंगावर सांडलं तर आधी कपडे काढ, डायपरसुद्धा. चिकटलेला तुकडा मात्र ओढू नकोस. मग नळाचं वाहतं पाणी वीस मिनिटं, घड्याळ बघून. आपल्याकडे डिसेंबरात टाकीचं पाणी बर्फासारखं असतं, पोर कुडकुडेल, म्हणून भाजलेला भाग सोडून बाकी अंग चादरीत गुंडाळ. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काही लावू नकोस. आम्हाला आधी तेच खरवडावं लागायचं. स्वच्छ कापड सैल झाकून दवाखाना गाठ. रिक्षा मिळाली नाही तर १०८.

निलगिरीची बाटली मी तुझ्या फ्रिजवर ठेवली आहे, ती आजच कपाटात कुलपात टाक. त्याच्या नाकाला किंवा उशीला लावू नकोस. चमचाभर तेल पोटात गेलं तरी थोड्या वेळात मूल गुंगतं, झटके येऊ शकतात. तसं झालंच तर उलटी करवू नकोस, बाटली सोबत घेऊन थेट दवाखान्यात जा.

बाबा रविवारी तुझ्याकडे येताहेत, त्यांच्याबरोबर ओजसचा लाल स्वेटर आणि थोडी द्राक्षं पाठवते. अजून आंबट आहेत, त्याला बरं वाटल्यावरच दे.

तुझी,
आई