मनूला, निळ्या वहीसकट

चि. मनू,

नोकरी सोडून शिकायला जाण्यावरून आपलं वाजलं, त्या रविवारी फोन आधी कोणी ठेवला, यावर बाबांचं नि माझं अजून एकमत नाही. तुझं शेवटचं वाक्य मात्र दोघांनीही ऐकलं: "आई, मी गुंतवणूक नाहीये, माणूस आहे." जन्मभर अर्थशास्त्र शिकवलेल्या बाईला पोटच्या पोरीने हे सुनवावं! राग आला, मग हसूही आलं. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकरचं 'ह्यूमन कॅपिटल' हे पुस्तक १९६४ साली आलं, तेव्हा हे नाव द्यावं की नाही अशी शंका त्याला स्वतःलाच होती. माणसाला भांडवल म्हणणं म्हणजे त्याला यंत्रांच्या रांगेत उभं करणं, असं अनेकांना वाटे. थिओडोर शुल्ट्झने १९६०च्या भाषणात नेमकं उलट मांडलं होतं. ज्याने पदरचा वेळ आणि पैसा घालून विद्या मिळवली तो कामगारही भांडवलाचा मालकच झाला, असं त्याचं म्हणणं. तेव्हा मी तुला मालकीण म्हणत होते, यंत्र नव्हे. असो.

कर्जाबद्दल या पत्रात लिहायचं नाही, असं ठरवून बसले आहे.

तुझा हिशेब निळ्या वहीत पुन्हा मांडला. तुझा आत्ताचा वर्षाचा पगार १०० धरू. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, फी वर्षाला ६०. तू खर्च म्हणून फी धरलीस आणि शिवाय राहण्याखाण्याचे पैसे. राहणंखाणं काढून टाक. नोकरीत असतीस तरी तो खर्च होताच, जागा बदलल्याने जास्तीचा जो पडेल तेवढाच धर. पण सगळ्यात मोठा आकडा तू लिहिलाच नाहीस: दोन वर्षांचा बुडणारा पगार, २००. एकूण ३२०. त्यात फी १२०, म्हणजे निम्म्याहून कमी. वर्गात हीच चूक दरवर्षी व्हायची, कारण बुडालेल्या पगाराची पावती कोणी देत नाही.

आता मिळकत. पुढे पगार १४० होईल म्हणतेस, म्हणजे दरसाल ४० जास्त. ३२० भागिले ४०, आठ वर्षांत वसूल, हे तुझं उत्तर झालं असतं. पण आठ वर्षांनी येणारे ४० आणि आज हातातून जाणारे ४० एक नव्हेत. व्याज १० टक्के धर. पहिल्या वर्षाचे १६० दुसऱ्या वर्षाअखेर १७६ होतात; त्यात दुसऱ्या वर्षाचे १६० मिळवले की ३३६. हे दरसाल ४० ने व्याजासकट फेडायला आठ नाही, एकोणीस वर्षांहून थोडी जास्तच लागतात. तीन वेळा ताडून पाहिलं. तुझ्यापुढे नोकरीची ३५ वर्षं आहेत, तेव्हा त्या ४०ची दुसऱ्या वर्षाअखेरची किंमत ३८६ च्या आसपास भरते आणि ५० गाठीला राहतात. हेच पंधरा वर्षं उरली असताना केलं तर ३०४ च भरतात, म्हणजे तोटा. माणसं तरुणपणी शिकतात याचं बेकरने दिलेलं एक कारण हेच: फळ खायला वर्षं जास्त मिळतात आणि बुडणारा पगारही लहान असतो. म्हणून निघालीस ते योग्य वेळी निघालीस. हे फोनवर म्हणायचं राहिलं.

मात्र ते ४० कुठून आणलेस? माहितीपत्रकातून ना? तिथे शिकून बाहेर पडलेल्यांचा सरासरी पगार असतो. त्या मुलांना तिथे न जाताही तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त मिळालं असतं का, ते त्यात कळत नाही. मायकेल स्पेन्सने तर १९७३ मध्ये दाखवलं की पदवीने कसब तिळभर न वाढताही पगार वाढू शकतो. हुशार माणूस ती झेपवू शकतो, एवढीच खूण मालकाला पुरते. तू तीन वर्षं त्याच कामात आहेस, तेव्हा त्याच कामात, तितक्याच अनुभवाचे, पण हा अभ्यासक्रम न केलेले लोक आज काय मिळवतात ते विचार. ४० च्या जागी ३० निघाले तर ३५ वर्षांतही हिशेब जुळत नाही. बघ, पुन्हा वर्ग घेतला. माफ कर.

कंपनीने फी भरायला नकार दिला म्हणून तू चिडली होतीस. मीही चिडले होते, पण बेकरच्या नजरेने पाहिलं तर त्यांचं चुकत नाही. तू शिकणार आहेस ते कुठल्याही कंपनीत चालणारं. त्यांनी फी भरली आणि परवा तू दुसरीकडे जास्त पगारावर गेलीस, तर त्यांचे पैसे बुडाले. म्हणून असं सर्वसाधारण कसब शिकणाऱ्यालाच आपल्या खर्चाने घ्यावं लागतं, फी भरून किंवा कमी पगार घेऊन. जे कसब एकाच ठिकाणी कामी येतं, त्याच्या खर्चाला मात्र मालक हातभार लावतो.

इथे मला आजोबा आठवतात. त्या जुन्या लेथवर त्यांचा हात असा बसला होता की आवाजावरून ते सांगायचे, कुठलं बेअरिंग जाणार. कारखान्याने त्यांना शिकवलं होतं, फुकट. सगळ्यांना हेवा वाटे. मग कारखाना बंद झाला आणि कळलं, त्या यंत्राचे रुसवेफुगवे जगात दुसऱ्या कुणाला नकोच होते. लेथ विकली गेली, निदान भंगारात तरी. आजोबांचे हात घरी आले. तो सबंध उन्हाळा ते दाराचा कडी-कोयंडा दुरुस्त करत होते, चांगला असलेला. तू तेव्हा नव्हतीस. तुझं शिक्षण अंगाबरोबर कुठेही जाईल, याचा मला आनंद आहे. खरंच आहे.

पण अंगाबरोबर जातं, म्हणूनच मला झोप येत नाही. घर गहाण ठेवता येतं, तारण ठेवलेलं यंत्र सावकार उचलून नेतो. डोक्यातली विद्या कोण उचलून नेणार? मिल्टन फ्रीडमनने १९५५ मध्येच लिहिलं होतं, की अशा गुंतवणुकीला बाजारातून पैसा कमीच मिळतो, कारण तारण घ्यायला काही नसतं. म्हणून बँकेला जामीन लागतो. तो कागद बाबांनी सही करून कपाटात ठेवलाय, आणि ते त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून फीचं कर्ज उत्पन्नाशी बांधलं. कमाई ठरावीक पातळीखाली असेल तर वसुली थांबते. तुझ्या कागदावर तसं काही नाही. मी शोधलं.

म्हणजे लिहिलंच की मी कर्जाबद्दल. आता लिहिलंच आहे तर ऐक: घर पडलं तर दुसरं घेता येतं, पण या भांडवलाला झोप लागते, पाठ दुखते, ताप येतो. तुझी ती पाठ दाखवलीस का? मागच्या वेळी म्हणालीस पुढच्या आठवड्यात, त्याला आता किती आठवडे झाले?

तू आठवीत असताना मी पीएचडी अर्धवट सोडली, ती तुझ्यामुळे नव्हे. हे मावशी काहीही सांगो. माझा हिशेब तेव्हा जुळत नव्हता, एवढंच. आज वही उघडल्यावर तोही पुन्हा मांडून पाहिला. बुडालेला पगार मी त्यात दोनदा धरला होता.

बाबा म्हणतात, पोरीने स्वतः अर्ज केला, परीक्षा दिली, जागा मिळवली, आणि तू तिला टक्के सांगतेस. बरोबर आहे त्यांचं. शेजारच्या दोन घरांत सांगून झालंय माझं, तू ऐकलं असतंस तर लाजली असतीस.

तुझी,
आई

ता. क. व्याज पहिल्या दिवसापासून चढतं की अभ्यासक्रम संपल्यावर, ते तिसऱ्या पानावर आहे. वाच आणि फोन कर. मी ठेवणार नाही.