सोळा तासांचा उपास आणि तुझी शुगर

प्रिय संतू,

परवा फोनवर तू म्हणालास की सकाळी सातला ११२ आणि दुपारी बाराला जेवणाआधी ९७ आली, म्हणजे फास्टिंग नॉर्मल झाली. तेव्हा मी गप्प बसलो, पण मनातून जात नाही म्हणून लिहितोय.

अरे बाराचा आकडा फास्टिंग म्हणून धरू नकोस. शंभर ते एकशेपंचवीस म्हणजे प्रीडायबिटीस ही जी रेघ आहे ना, ती रात्रभर, निदान आठ तास, काही न खाता सकाळी घेतलेल्या रक्तासाठी आहे. तू रात्री आठला जेवतोस, सातला अकरा तास होतात, बास झाले. आणि पहाटे कॉर्टिसोल वगैरे हार्मोन वाढतात, लिव्हर साखर सोडतं, म्हणून सकाळचा आकडा वर असतो, मग हळूहळू उतरतो. म्हणजे बाराला ९७ दिसणं हे उपासाने बरं झाल्याचं लक्षण नाही, तो नुसता वेळेचा फरक. दर वेळी सातलाच बघ, कोरा चहासुद्धा नंतर.

आता खरी गंमत पहिल्या जेवणात आहे आणि तिथे तू मोजतच नाहीस! सोळा तास पोटात काही नसलं की शरीर चरबीवर चालायला लागतं, मग एकदम भात आला की स्नायू साखर पटकन उचलत नाहीत, त्यामुळे तोच भात नाश्ता करून खाल्ला असता त्यापेक्षा शुगर जास्त चढू शकते. तेव्हा साडेबाराला पहिला घास घेतलास तर अडीचला टोच, जेवण संपल्यापासून नाही, पहिल्या घासापासून दोन तास. एक दिवस भात आणि माशाचं सार, दुसऱ्या दिवशी भात अर्धा आणि तळलेला बांगडा जास्त, दोन्ही आकडे शेजारी लिही, तुला कळेलच. रोज नको, आठवड्यातून दोन दिवस पुरे.

आणि हात धू रे बाबा, साबणाने, आणि कोरडे कर. मे महिन्यात मी आंबे चिरून तसाच टोचलं, मशीनवर १७१, घाम फुटला. हात धुऊन दुसऱ्या बोटाला परत, तर ११९! बोटावरचा रस मशीन रक्तातली साखर म्हणूनच मोजतं. तसंही घरच्या मशीनमध्ये पंधरा टक्के इकडेतिकडे होतं, म्हणजे तुझे ११२ खरे ९८ पण असतील नाहीतर १२५ पण, एका आकड्यावर झोप घालवू नकोस.

उपासाचा फायदा झाला का ते लॅबच्या एचबीएवनसीवरून बघू, त्याला उपाशी जावं लागत नाही, तीन महिन्यांची सरासरी असते. फक्त वहिनी म्हणत होत्या तुझं हिमोग्लोबिन कमी आलंय, तर ते डॉक्टरांना आधी सांग, लोह कमी असेल तर हा आकडा उगाच वर दिसतो.

रविवारी वेंगुर्ल्याला येतोय, वही काढून ठेव.

तुझाच,
बाळू