कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका

कोथरूडमधील आपल्या सोसायटीच्या सर्व सभासदांसाठी :

ऑनलाइन घेतलेला मिक्सर परत करायला बी विंगमधल्या काकूंनी गूगलवरून नंबर काढला. पलीकडच्याने थेट स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला सांगितलं. लेकाने वेळीच फोन हिसकावला, म्हणून निभावलं.

खरा नंबर कंपनीला कायद्यानेच द्यावा लागतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीचं कायदेशीर नाव, पत्ता, कस्टमर केअरचा संपर्क आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, संपर्क वेबसाइटवर हवा. ॲप किंवा साइट उघडून अगदी तळाशी जा. तिथे Contact Us किंवा Terms of Use मध्ये Grievance Officer शोधा. हे सहसा बारीक अक्षरात, कोपऱ्यात दडवलेलं असतं. तिथलं कंपनीचं नाव बिलावरच्या नावाशी जुळलं नाही तरी गोंधळू नका. बिलावर बहुधा विक्रेत्याचं नाव असतं, तो वेगळा. मिक्सरच्या खोक्यावरही ग्राहक तक्रारीचा फोन आणि ईमेल छापलेला असतो, म्हणून खोकं लगेच रद्दीत देऊ नका.

तक्रार शक्यतो ईमेलनेच करा. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. नाहीच दिलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.