'अँक्झायटी आहे' म्हणण्याआधी

महोदय,
परीक्षा जवळ आल्या की 'मला अँक्झायटी आहे' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. पेपरच्या आधी पोटात गोळा येणे ही साधी धास्ती; कधी कधी ती अभ्यासाला बसवतेही. निदानाची अट याहून कडक आहे. मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या 'डीएसएम-५' या नियमावलीनुसार सार्वत्रिक चिंताविकार म्हणायचा, तर किमान 6 महिने, बहुतेक दिवस, एकाहून अधिक विषयांची, आवरता न येणारी काळजी हवी. जोडीला झोप बिघडणे, चिडचिड, स्नायू आखडणे अशा 6 पैकी 3 लक्षणे (मुलांत एकही पुरते) आणि रोजच्या कामात ठळक अडथळा.

गोंधळ होतो तो काळजीची तीव्रता मोजणाऱ्या, मोबाइलवरच्या 'जीएडी-७' प्रश्नावलीने. तिच्यात 7 प्रश्न, प्रत्येकी 0 ते 3 गुण, आणि विचारणा फक्त मागच्या 2 आठवड्यांची. समजा, बारावीच्या मुलीला परीक्षेच्या तोंडावर 12 गुण मिळाले. 10 किंवा त्याहून जास्त म्हणजे तपासणी करावी, एवढाच त्याचा अर्थ; ते निदान नव्हे. निकालाची वाट न पाहता, परीक्षेनंतर महिन्याभराने तीच प्रश्नावली पुन्हा भरावी. गुण 3-4 वर आले, तर ती बहुधा परीक्षेचीच धास्ती होती. पण पेपर संपताच काळजी प्रवेशावर, तिथून वडिलांच्या तब्येतीवर सरकत राहिली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. ते थायरॉइडचीही चौकशी करतात, कारण थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली तरी धडधड आणि अस्वस्थता अशीच असते. मात्र झोप किंवा जेवण तुटले असेल, तर महिनाभर थांबूच नये.

– एक मानसशास्त्रज्ञ, सातारा